सगळे सजद्यात आणि मी रुकूत

काल रात्रीपासून एकच वाक्य कानात घुमतंय. "काय पावणं, खाली काय हरवलं का?"

झालं असं की यंदा ठरवलं, रमजानचा पूर्ण महिना तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, करायची; लहानपणी वडलांचा हात धरून जायचो ती धरायची नाही. रकात म्हणजे नमाजेची एक फेरी; अशा वीस रकात, दोन-दोन करून सलामनं संपवायच्या म्हणून दहा सलाम, आणि कुराणाच्या तीस पाऱ्यांतला रोज सव्वा पारा. कोल्हापुरातली आमच्या गल्लीतली मशीद, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नेमाच्या नमाजेच्या, फर्जनंतर सुरू आणि शेवटची वित्र नमाज धरून सुटायला दीड तास. काल सातवी रात्र. ऑफिसातून उशीर झाला, हातपाय-तोंड धुऊन वजू करून आत घुसलो तर इशाची जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, संपलेली. आधी स्वतःचे फर्ज पढायचे, मग तरावीहच्या जमातीत शिरायचं, हे मला माहीत होतं. (एवढंच माहीत होतं.) सुटलेल्या रकाती शेवटी आपल्या आपण पढता येतात.

जागा मिळाली ती चाचांच्या शेजारी. चाचा गुडघ्यांमुळं खुर्चीवर बसून पढतात आणि दर चार रकातींनंतर सगळे दोन मिनिटं बसतात ना, तेव्हा लोक तस्बीह पढतात, चाचा हिशोब करतात. या विश्रांतीवरूनच तरावीह नाव पडलंय म्हणे, पण चाचा विश्रांती घेऊ देतील तर शपथ. "आठ झाल्या. बघ आता, ते दोघं उठणार." दोघं उठले. "आठवाले," चाचा म्हणाले, जसं काही पोलिसांनी पकडलं. आता आठ की वीस हा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे, अहले हदीसच्या मशिदीत आठच होतात, आणि मक्केच्या मुख्य मशिदीत, हरममध्ये, २०२० पासून दहा होतात. हे मी चाचांना सांगायची चूक केली. "मक्केत जाऊन पढ मग," विषय संपला.

आणि मग ते झालं. नमाज पढवणाऱ्या हाफिजसाहेबांनी सलाम फिरवल्यावर माईकवर काहीतरी म्हटलं. तो माईक असा आहे की त्यातून अजानसुद्धा दळणाच्या गिरणीतून आल्यासारखी येते. वरून पंखा. मला ऐकू आलं नाही. उभा राहिलो. दुसऱ्या रकातीत किरात, म्हणजे कुराणाचं पठण, चालू, झरझर, मला मधूनमधून फक्त यालमून-तालमून कळतंय, अल्लाहु अकबर झालं आणि मी नेहमीसारखा गुडघे धरून रुकूत वाकलो.

आजूबाजूला कुणीच वाकलेलं नाही. सगळी सफ, अख्खी रांग, कपाळ जमिनीला टेकून सजद्यात! सूरह आराफ हा अध्याय संपला होता, त्याच्या शेवटच्या आयतीवर सजदा येतो, अख्ख्या कुराणातला पहिला. असा सजदा आला की इमाम रुकू न करता उभ्याचा थेट सजद्यात जातो. माईकवर तेच सांगितलेलं, दुसऱ्या रकातीत सजदा आहे म्हणून. घाईघाईत मीही टेकलो. इथवर निभावलं असतं. पण नेहमीच्या रकातीत सजदे दोन असतात, म्हणून मी दुसऱ्याची वाट बघत बसलो, आणि हा असतो एकच. सगळे उठून उभे, पुढची किरात सुरू, आणि मी एकटा गुडघ्यांवर, एसटी चुकलेल्या माणसासारखा.

मागच्या सफीतली पोरं हसली. ही पोरं म्हणजे, इमाम रुकूला जाईपर्यंत बसून गप्पा मारायच्या आणि ऐनवेळी टुणकन उठून रकात पकडायची. ते मकरूह, म्हणजे नापसंत, आहे, पण त्यांना कोण बोलतंय. बोलणार मला.

सलाम फिरला. चाचा खुर्चीतून वाकले, तस्बीह खिशात घातली, अगदी प्रेमानं विचारलं, "काय पावणं, खाली काय हरवलं का?" मग शेजारच्याला सांगितलं. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. वीस रकाती होईपर्यंत बातमी वजूखान्यात पोचली होती.

राग कशाचा सांगू, एवढ्या लोकांत एकानंही आधी कोपर मारून "सजदा येतोय" म्हटलं नाही. नवा माणूस दिसला की सगळ्यांना त्याच्या टोपीची दिशा दिसते, त्याची फजिती होण्याआधी मात्र कुणाला काही दिसत नाही. निम्मी माणसं अशीच पहिल्या आठवड्यात गळतात, मग मौलाना जुम्याला विचारतात सफी कमी का झाल्या.

बाहेर चप्पल घालताना एक भला माणूस म्हणाला, भावा, पुढच्या चौकातल्या मशिदीत जा, तिथं 'अलम तर'वाली आहे. शेवटच्या दहा छोट्या सूरह, दहा रकातीत एकदा आणि पुढच्या दहात परत एकदा, लवकर आटपतं, सजदा फक्त आपला नेहमीचा. नवख्यांना तीच बरी. आणि दमलास तर कुठल्याही सलामनंतर उठून जा, वित्र घरी पढ.

मला खरंच पटलं होतं. निघालोच होतो.

एवढ्यात चाचा काठी टेकत आले. "पुढचा सजदा तेराव्या पाऱ्यात. तीन-चार दिवसांनी येईल. माझ्याच शेजारी उभा रहा, मी खाकरतो."

आता कसं जाणार दुसऱ्या मशिदीत.