उंची पाच फूट चार, पण नक्की किती?

“माझी उंची पाच फूट चार, वजन ६६.४. दवाखान्यात बीएमआय २४.९ आला होता. काल अ‍ॅपवर घातलं तर २५.१ आणि खाली ‘लठ्ठ’. वजन तेवढंच आहे. मग खरं काय धरायचं?”

नात्यातल्या एका मावशींनी ग्रुपवर हे विचारलं आणि पुढचे दोन दिवस तिकडे जो वाद झाला तो इथे ब्रिटनमध्ये बसून वाचताना माझी चिडचिड झाली. एक काका म्हणाले, बीएमआय हे गोऱ्यांचं मोजमाप, आपल्याला लागूच नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या मामेभावाने स्वतःचा २७ सांगितला आणि छातीचं माप दिलं. एका वहिनींना प्रश्न वजन कमी करण्याचा वाटला, त्यांनी सकाळी काय प्यावं ते लिहून पाठवलं. मावशींची उंची कुणी, कधी, कशी मोजली, एवढं मात्र कुणीही विचारलं नाही.

काकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र मुळात बेल्जियमचा गणितज्ञ केटले याचं, १८३० च्या दशकातलं. चरबी आणि स्नायू यांत ते फरक करत नाही, आणि आपल्या लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका वाढतो हेही खरं. म्हणून तर भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी रेषा खाली आणल्या: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. पण रेषा कुठे असावी हा एक प्रश्न आणि माणूस रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हा दुसरा. तिकडे सगळे पहिल्यावर भांडतात. मावशींना दुसऱ्याचं उत्तर हवं होतं.

सॉफ्टवेअरमधला भाचा अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर गेला. त्याने लिहिलं, “आकडा एका दशांश स्थळापर्यंत दाखवतात, त्यामुळे राउंडिंगचा फरक फार तर ०.०५. ०.२ चा फरक राउंडिंगने पडूच शकत नाही.” उत्तराच्या राउंडिंगपुरतं हे बरोबर आहे. मात्र उंची आधीच राउंड करून आत घातली असेल, तर सूत्रात तिचा वर्ग होतो आणि चूक जवळजवळ दुप्पट होऊन बाहेर पडते. उंचीत एक टक्का चूक झाली की बीएमआयमध्ये दोन टक्के होते. मावशींच्या उंचीला एक सेंटीमीटर म्हणजे ०.६ टक्के, तेव्हा बीएमआय साधारण ०.३ ने हलतो. एवढा फरक वजनाने पडायचा तर वजनात सुमारे आठशे ग्रॅम हवेत. आठशे ग्रॅमसाठी आपण काट्यावरून उतरून पुन्हा चढतो, चप्पल काढतो, खिशातला फोन बाजूला ठेवतो. उंचीचा सेंटीमीटर मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो.

मावशींना दवाखान्यातला कागद शोधायला सांगितला. त्यावर उंची होती १६३.४ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच आणि वर इंचाचा तिसरा हिस्सा. ६६.४ ला १.६३४ च्या वर्गाने भागलं की २४.८७ येतं, म्हणजे कागदावरचं २४.९. अ‍ॅपमध्ये फूट-इंच निवडून ५ आणि ४ घातलं की तो इंचाचा तिसरा हिस्सा गळतो, उंची १६२.५६ होते आणि उत्तर २५.१३. सेंटीमीटरही नाही, ८ मिलिमीटर गेले आणि ‘जादा वजन’चं ‘लठ्ठ’ झालं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक फक्त आत काय घातलं त्याचा.

याच मावशी वेगवेगळ्या हातांतून गेल्या असत्या तर काय झालं असतं तेही मांडून पाहण्यासारखं आहे. बरेच जण तोंडी हिशोब करताना फुटाला ३० आणि इंचाला अडीच सेंटीमीटर धरतात. पाच फूट चारचे मग १६० होतात आणि बीएमआय २५.९. कुणी “५.४” असं लिहितो आणि यंत्र ते दशांशातले फूट समजतं. उंची १६४.६ होते, बीएमआय २४.५. पाच फूट दहा इंचांच्या माणसाने ५.१० लिहिलं तर यंत्राच्या लेखी ते ५.१ फूट, म्हणजे जवळपास १५५ सेंटीमीटर. खरी उंची १७८ च्या आसपास. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. अर्ध्या-एक सेंटीमीटरच्या चुका लपून राहतात आणि सीमेवरच्या माणसाला नेमक्या त्याच इकडून तिकडे ढकलतात. नुसतं जवळच्या इंचापर्यंत राउंड केलं तरी उंची सव्वा सेंटीमीटरपर्यंत वर किंवा खाली सरकते आणि मावशींचा बीएमआय त्यामुळे ०.४ पर्यंत हलू शकतो.

भाच्याच्या क्षेत्रातलाही एक खड्डा आहे. उंची १६३ अशी पूर्ण सेंटीमीटरात नोंदवली तर उत्तर २४.९९ येतं आणि पडद्यावर २५.० दिसतं. आता गट ठरवताना मूळ आकडा तपासायचा की दाखवलेला? स्प्रेडशीटमध्ये दोन्ही करून पाहा:

```
=66.4/1.63^2>=25            FALSE
=ROUND(66.4/1.63^2,1)>=25   TRUE
```

एकच माणूस, एकच दिवस, एकच नोंद. तक्त्यांमध्ये “२३ ते २४.९” आणि “२५ व त्यापुढे” असं छापतात, त्यामुळे २४.९५ चं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवलेलं असतं. गट मूळ आकड्यावर ठरवावा, राउंडिंग फक्त दाखवण्यापुरतं आणि अगदी शेवटी, असं माझं ठाम मत आहे. भाच्याला अजून ते पटलेलं नाही. पडद्यावर २५.० दिसत असताना खाली ‘जादा वजन’ लिहिलं तर लोक तक्रार करतील, असं तो म्हणतो. तो मुद्दा मला खोडता आलेला नाही.

इथे ब्रिटनमध्ये हे सगळं नीट चालतं असा तिकडे समज आहे आणि मीही तो पुष्कळदा पसरू देतो. दवाखान्यातली प्रॅक्टिस नर्स उंची मोजते तेव्हा खरंच बरं वाटतं. बूट काढा, केस सोडा, टाचा, पार्श्वभाग, खांदे भिंतीकडे, नजर समोर. नजर समोर म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. हनुवटी वर गेली की डोकं मागे कलतं आणि उंची कमी भरते. मग श्वास घ्यायला सांगून वरची पट्टी केस दबतील इतकी खाली आणते आणि आकडा डोळ्यांच्या पातळीवर येऊन वाचते. पण रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर उंची आपणच लिहायची असते आणि इथली माणसं ती फूट-इंचांतच लिहितात, वजन स्टोनमध्ये. “साडेदहा स्टोन” म्हटलं की ६६.७ किलो. मावशींच्या वजनावर तिथेच ३०० ग्रॅम चढले. शिवाय स्वतःहून सांगितलेली उंची बहुधा थोडी जास्त असते आणि वजन थोडं कमी, हे इथलं-तिथलं सगळीकडचं आहे. दोन्ही चुका बीएमआय खालीच ओढतात.

इथे एक वेगळीच गोष्ट आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, बीएमआयचं पान वंशही विचारतं, कारण दक्षिण आशियाई माणसासाठी इथल्या मार्गदर्शनात जादा वजनाची रेषा २३ ला आणि लठ्ठपणाची २७.५ ला आहे. म्हणजे मावशी इथे असत्या तर २४.९ आणि २५.१ दोन्ही ‘जादा वजन’ आणि प्रश्नच उद्भवला नसता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात त्याच सामान्यमधून जादा वजनात गेल्या असत्या. भारतात जादा वजनातून लठ्ठपणात गेल्या. वंशाच्या त्या चौकटीवर खूण करताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. इतकी वर्षं इथे राहूनही माझं शरीर तिकडचंच धरलं जातं, आणि खरं सांगायचं तर ते तसं धरलं जावं असं मलाही वाटतं. खूण नाही केली तर रेषा २५ ला सरकते आणि मला खोटा दिलासा मिळतो.

तेव्हा मावशींनी करायचं ते एवढंच. उंची सकाळी मोजायची आणि पुढेही त्याच वेळी, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उंची कमी होते, त्यातली बरीचशी उठल्यानंतरच्या पहिल्या तासात. गालिचा नको. भिंतीच्या पायथ्याशी लाकडी किंवा फरशीची पट्टी असेल तर तिथे टाच मागे जात नाही आणि माणूस पुढे झुकून उभा राहतो, म्हणून पट्टी नसलेली भिंत किंवा दाराची सपाट कड शोधायची. डोक्यावर काटकोनात धरता येईल असं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, एक कड भिंतीला टेकलेली. पेन्सिलीची खूण पुस्तकाच्या खालच्या कडेशी. मग जमिनीपासून धातूच्या टेपने मिलिमीटरपर्यंत. भिंतीवर चिकटवायचे कागदी तक्ते पुष्कळदा जमिनीपासून थोडे वर लागलेले असतात, म्हणून त्यांचा शून्य आधी तपासायचा. दोनदा मोजायचं. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आणि अ‍ॅपमध्ये सेंटीमीटर निवडून दशांशासकट घालायचं.

एवढं करूनही आकडा २४.६ ते २५.४ च्या मध्ये आला तर तो सीमेवरचा म्हणूनच वाचायचा आणि कंबर मोजायची. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, मावशींच्या बाबतीत ८१.७ सेंटीमीटरच्या आत. इथे उंचीचा वर्ग होत नाही, त्यामुळे उंचीत एक सेंटीमीटर चुकला तर ही मर्यादा फक्त अर्ध्या सेंटीमीटरने सरकते. अर्थात टेप कुठून गुंडाळला यावर कंबरेचं माप दोन-तीन सेंटीमीटरनी सहज बदलतं, म्हणून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

ग्रुपवरचे निवृत्त इंजिनिअर आजोबा या सगळ्यात शेवटी बोलले आणि त्यांनीच सर्वांत अवघड प्रश्न विचारला. वयाने त्यांची पाठ वाकली आहे, तीन सेंटीमीटर उंची गेली आहे, वजन तेवढंच आहे. मावशींच्या मापांवर तेच लावून पाहिलं, १६३.४ चे १६०.४ केले, तर एक ग्रॅमही न वाढता बीएमआय २५.८ होतो. आता त्यांनी आजची उंची घालायची की चाळिशीतली? दवाखाना आज जी भरते ती घेतो आणि नोंदीसाठी तेच योग्य. पण त्या वाढीला चरबीची वाढ म्हणता येत नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना जुना आकडाही शेजारी लिहून न्या असं मी त्यांना सांगितलं आहे. तीन सेंटीमीटर का गेले, हाडं ठिसूळ होत आहेत का, हे विचारणं मला त्यांच्या बीएमआयपेक्षा जास्त गरजेचं वाटतं.