'साभार : सोशल मीडिया' लिहून पुसलेलं नाव परत येत नाही

आज सकाळी सोलापूरच्या गड्डा यात्रेचा तो व्हिडिओ पुन्हा समोर आला. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, बाराबंदीतली गर्दी, मधून जाणारे नंदीध्वज. आमच्या गल्लीतल्या पोरानं तासन् तास जागा धरून काढलेला. मूळ व्हिडिओत उजवीकडे खाली त्याचं नाव आहे. आज एका पेजवर दिसला त्यात नाव नाही, आणि खाली 'साभार : सोशल मीडिया'. सोशल मीडियानं तो काढलेला नाही. एका माणसानं काढलाय, त्याला नाव आहे, आणि तेच पुसलंय!

पुसलंय हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तो कोपरा मोठा करून हळूहळू पुढे सरकवा. नाव पुसणारं अ‍ॅप त्या जागी आजूबाजूचे रंग भरतं. पांढऱ्या बाराबंद्यांच्या गर्दीत ते खपून जातं. पण नंदीध्वजाची काठी त्या कोपऱ्यातून गेली की मध्येच तुटते, थोडी विरघळते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. आजच्या व्हिडिओत हे अगदी स्पष्ट दिसतंय.

कायद्याचं सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-बी आलं. कृती कोणाची, हक्क कोणाचे हे सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अशी माहिती काढलीय हे माहीत असून व्हिडिओ पुढे पसरवणाराही त्यातच येतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. आणि दुसऱ्याचा अख्खा व्हिडिओ न विचारता आपल्या पेजवर टाकणं हा मुळातच कॉपीराइटचा भंग, नाव ठेवून टाकला तरी. म्हणजे त्या पोराचे दोन हक्क मोडले.

'यात्रा सगळ्यांची, मग व्हिडिओ एकट्याचा कसा बे?' असं खाली एकानं लिहिलंय. यात्रा सगळ्यांचीच. तुम्हीही उभं राहून शूटिंग करा, तो व्हिडिओ तुमचा. त्यानं टिपलेलं त्याचं.

'आम्ही पुसलं नाही, रीलसाठी फक्त क्रॉप केलं' हेही नेहमीचंच. १९२० बाय १०८० चा आडवा व्हिडिओ उभा कापला की रुंदी साधारण ६०८ पिक्सेल उरते. दोन्ही बाजूंनी साडेसहाशेच्या वर पिक्सेल जातात आणि त्यांच्यासोबत कोपऱ्यातलं नाव. हे न कळून होऊ शकतं, मान्य. पण कुणी लक्षात आणून दिल्यावरही तसंच ठेवलं तर 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. परवानगी घेऊन टाकत असाल तर आडवी चौकट अख्खी ठेवा, वर-खाली काळी पट्टी येऊ द्या. नंदीध्वजही कापले जाणार नाहीत.

मग वॉटरमार्क कधी काढायचाच नाही का? तसं नाही. व्हिडिओ स्वतःचा असेल तर स्वतःचं नाव खुशाल काढा. मालकानं परवानगी दिली तरी चालतं, फक्त ती मेसेजमध्ये लिहून घ्या: कुठला व्हिडिओ, कुठे टाकणार, नावाशिवाय चालेल का. खरं तर परवानगी मिळाली की पुसायची गरजच नसते, तो नाव नसलेली मूळ फाइलच पाठवतो. विकतच्या क्लिपचंही तसंच. नमुन्यावरचा वॉटरमार्क खोडायचा नसतो, पैसे भरले की स्वच्छ फाइल मिळते.

लग्नाच्या व्हिडिओचं मात्र अनेकांना उलटं वाटतं. पैसे देऊन तुम्ही व्हिडिओ करून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिले मालक तुम्हीच. तिथे स्टुडिओचा लोगो काढायला हरकत घेणं अवघड. पण आधी कोटेशनच्या मागच्या अटी वाचा, बऱ्याचदा हक्क स्टुडिओकडे ठेवल्याचं तिथेच लिहिलेलं असतं. आणि पैसे बाकी आहेत म्हणून पाठवलेल्या सॅम्पलवरचा शिक्का खोडणं मला तरी साफ चुकीचं वाटतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पेज चालवणारं पोरगं कॉलेजातलंच दिसतंय. त्याला कदाचित व्हॉट्सअ‍ॅपवर पुसलेलाच व्हिडिओ आला असेल. तसं असेल तर पुसण्याचा दोष त्याचा नाही, 'जाणूनबुजून' हा शब्द कायद्यात त्यासाठीच आहे. म्हणून शिव्या न घालता त्याला मूळ व्हिडिओची लिंक पाठवलीय आणि सांगितलंय, हा काढ, गल्लीतल्या त्या पोराला विचार, तो हो म्हणाला तर नावासकट टाक. मेसेज त्यानं वाचलाय. व्हिडिओ अजून तिथेच आहे.