‘उत्तराची गरज नाही’ असं लिहिलंय? मग द्याच उत्तर!

मेलच्या शेवटी ‘केवळ माहितीसाठी. उत्तर देण्याची किंवा काही करण्याची गरज नाही’ असं वाक्य दिसलं, की ओळखावं : बिचारा संकोची माणूस आहे. मनातून त्याला उत्तर हवंच आहे. नुसतं हवंच आहे असं नाही, ते सगळ्यांसमोर हवं आहे.

गेल्या गुरुवारी असाच एक संकोची मेल मी पाठवला. शनिवारी रात्री 11 ते रविवारी पहाटे 5 फाइल सर्व्हर बंद राहील, सोमवारी सगळं नेहमीसारखं. तीन ओळी आणि खाली ठळक अक्षरांत वरचं वाक्य. ‘टू’च्या रकान्यात सर्व कर्मचाऱ्यांच्या गटाचा पत्ता, गटात 212 माणसं. सकाळी 11 वाजून 10 मिनिटांनी पाठवला आणि 11 वाजून 14 मिनिटांनी पहिलं उत्तर आलं : ‘नोंद घेतली. धन्यवाद.’ अर्थात रिप्लाय ऑल.

तर या अनुभवावरून काही सूचना.

पहिली, आणि बाकी काही विसरलात तरी ही विसरू नका : उत्तर एकट्या पाठवणाऱ्याला कधीही देऊ नये. तुम्ही नोंद घेतलीत हे त्या एकट्याला कळून काय उपयोग? तिसऱ्या मजल्यावरच्या, तुमचं नावही न ऐकलेल्या माणसाला ते कळायला नको?

दुसरी : आपल्या आधी तेराजणांनी ‘नोंद घेतली’ लिहिलं असलं, तरी आपलं राहू देऊ नये. चौदाव्याने घेतलेली नोंद ही वेगळी नोंद असते.

तिसरी : शब्द सुचत नसतील तर नुसता अंगठा पाठवावा.

चौथी : हा मेल आपल्याला का आला, असा प्रश्न सर्वांना विचारावा आणि ‘मला या यादीतून काढा’ अशी मागणीही सर्वांकडेच करावी. त्या 212 जणांपैकी एकालाही यादीतून कुणाला काढता येत नाही, गटाची चावी सिस्टीमवाल्यांकडे असते, हा तपशील गौण आहे.

पाचवी सूचना अनुभवी मंडळींसाठी. उत्तरं फार झाली की शिस्त लावायला पुढे यावं आणि ‘कृपया कुणीही रिप्लाय ऑल करू नये’ असा मेल काढावा. रिप्लाय ऑल करून. आमच्याकडे असे शिस्तप्रिय पाचजण निघाले. दुसऱ्याने पहिल्याला पाठिंबा दिला, तिसऱ्याने दुसऱ्याचे आभार मानले, चौथ्याने लाल अक्षरं वापरली. पाचव्याने वरच्या चौघांना, तुम्हीही तेच करताय, असं सुनावलं. त्याने काय केलं होतं ते सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत एकूण 31 उत्तरं आली. त्यातलं एक सोडून प्रत्येक 212 जणांना. तिसाचा गुणाकार करा : 6360 मेल. एक मेल उघडून, बघून, पुसायला पाच सेकंद धरली, तरी सगळ्यांचे मिळून जवळपास नऊ तास जातात. माझ्या तीन ओळींवर एका माणसाचा आख्खा दिवस खर्च झाला, आणि त्या दिवसात त्याने काय केलं, तर ‘धन्यवाद’ पुसलं. शिवाय त्या दिवशी नऊजण रजेवर होते. ‘मी कार्यालयाबाहेर आहे’ हा आपोआप जाणारा निरोप प्रत्येक पाठवणाऱ्याला एकदा जातो. म्हणजे ज्याने ज्याने सगळ्यांना उत्तर दिलं, त्याला त्याला हे नऊ निरोप परत आले. तेवढाच काय तो न्याय.

पण खचून जाऊ नका, आपण अजून लहान आहोत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, 14 नोव्हेंबर 2016 रोजी एक चाचणीचा मेल चुकून सुमारे 8 लाख 40 हजार खात्यांवर गेला. त्यातल्या मोजक्या लोकांनी सगळ्यांना उत्तरं दिली आणि सव्वा तासात जवळपास 50 कोटी मेल फिरले. पुढे 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने असल्या वादळांना आवर घालायची सोय आणली. सुरुवातीचा हिशोब असा होता : 5000 हून अधिक लोकांना गेलेल्या मेलवर तासाभरात दहा रिप्लाय ऑल झाले, की पुढचे चार तास त्या मेलवरची तशी उत्तरं अडवायची. आम्ही 212. आमचं वादळ त्या यंत्रणेच्या खिजगणतीतही नाही.

आउटलुकमध्ये मेलवर `No Response Necessary` असा ध्वज लावायचीही सोय आहे. अवश्य लावा. दिसायला छान दिसतो.

आता त्या 31 उत्तरांची फोड सांगतो. चौदा ‘नोंद घेतली’ आणि ‘धन्यवाद’. सहा अंगठे. चार ‘मला काढा’. पाच शिस्तवाले. एकाने त्याच संधीचा फायदा घेऊन बैठकीच्या खोलीतली खुर्ची कुणी नेली ते विचारलं. तीस झाली.

एकतिसावं उत्तर, म्हणजे क्रमाने सतरावं, लेखा विभागातल्या एका बाईंचं होतं. शनिवारी रात्री साडेअकराला पगाराची फाइल त्याच सर्व्हरवरून आपोआप उचलली जाते, तिचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं होतं. रीतसर, नेमका प्रश्न, आणि तोही फक्त मला एकट्याला. तो दोन अंगठ्यांच्या मधे अडकला होता. तोवर मी त्या विषयाचे मेल न उघडताच, ओळीने निवडून पुसायला लागलो होतो. तोही पुसला. शनिवारी रात्री फाइल उचलली गेली नाही. सोमवारी मी आणि त्या बाई, दोघांनी साहेबांसमोर उभं राहून बोलणी खाल्ली. त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

म्हणून आता उपरोध पुरे, सरळ बोलतो. उत्तराची गरज नाही म्हणजे नाही. तुम्ही वाचलंत याची पावती कुणी मागितलेली नाही. अडचण असेल तर जरूर लिहा, त्या बाईंनी लिहिलं तसं, पाठवणाऱ्या एकट्याला. त्या मेलमध्ये काम होतं, आणि तुमच्या चौदा आभारांखाली ते गाडलं गेलं. हा सभ्यपणा नाही, बोटाला लागलेली खोड आहे. आणि रिप्लाय ऑल करून रिप्लाय ऑल थांबवायला निघालेल्या पाचजणांनो, तुम्ही तर हातही जोडू नका, गप्प बसा!

माझाही गाढवपणा होताच. गटाचा पत्ता मी ‘बीसीसी’त टाकला असता आणि ‘टू’मध्ये स्वतःचा, तर कुणी कितीही रिप्लाय ऑल दाबलं असतं, तरी उत्तर माझ्याकडेच आलं असतं. 212 जणांना काही कळलंही नसतं. गटाला कोण मेल पाठवू शकेल ते ठरावीक लोकांपुरतं मर्यादित करता येतं, तेही मी आता सिस्टीमवाल्यांकडून करून घेतलंय. आणि ते ठळक वाक्यही माझंच अर्धवट होतं. रात्री त्या सर्व्हरवर कुणाची कामं चालतात हे न विचारता ‘काही करण्याची गरज नाही’ असं मी कुठल्या तोंडाने लिहिलं? पुढच्या वेळी लिहीन : ‘शनिवारी रात्री 11 ते 5 दरम्यान तुमचं काही आपोआप चालत असेल, तर शुक्रवारी दुपारी 4 पर्यंत फक्त मला कळवा. बाकीच्यांनी काहीही पाठवू नये.’

अंगठासुद्धा नाही.