ती वाफ नव्हे, धुकं आहे

«नेब्युलायझर घरी असेल तर सलाईनच्या नळ्यांवर पैसे घालवू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, सलाईन तयार. त्यात औषध घाला. मूल रडत असेल तर झोपल्यावर मास्क तोंडाजवळ नुसता धरा. अर्धा तास तरी वाफ द्या, जास्त वाफ तेवढा कफ मोकळा. नंतर मास्क पाण्यातून काढला की झालं, वाफेनं सगळं निर्जंतुकच होतं. पुढे पाठवा.»

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझ्या औषधाच्या दुकानात महिन्याभरात चार जणांनी हा मेसेज फोन पुढं करून दाखवला. चौघांच्याही घरात दम्याचं मूल नाहीतर म्हातारं माणूस आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

मुळात एक शब्द चुकलाय आणि बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग चुकत गेलंय. आपल्याकडं सगळे याला वाफेचं मशीनच म्हणतात. चालू असताना औषधाचा कप हातात धरून बघा, गार लागतो. कॉम्प्रेसरची हवा बारीक छिद्रातून जोरात येते, कपातलं औषध वर ओढते आणि आतल्या टोपीवर आपटून त्याचे अतिबारीक थेंब करते. तापवणारं यात काहीच नाही. चुलीवर पाणी उकळतं तेव्हा मीठ, क्षार सगळं पातेल्यात राहतं, वर येते ती निव्वळ पाण्याची वाफ. इथं मात्र कपात जे जे आहे ते थेंबात बसून आत जातं, औषध असो, मीठ असो, नाहीतर जंतू. यातले बरेचसे थेंब पाच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, म्हणजे ते थेट लहान श्वासनलिकांपर्यंत पोचतात. पोटात गेलेल्या जंतूची तिथल्या आम्लाशी तरी गाठ पडते. फुप्फुसात तसा पहारा नाही.

आता मिठाचा हिशोब करू. सलाईन म्हणजे ०.९ टक्के, लिटरला ९ ग्रॅम मीठ. नेब्युलायझरच्या कपात साधारण ३ एमएल द्रव असतो, त्यात २७ मिलिग्रॅम मीठ बसतं. स्वयंपाकघरातली एक चिमूट ३०० मिलिग्रॅमच्या आसपास धरा. ती थेट कपात टाकली तर मीठ अकरापट झालं. वाटीभर, म्हणजे दीडशे एमएल पाण्यात टाकली तर ०.२ टक्के, पाव हिस्सासुद्धा नाही. म्हणजे एकाच चिमटीतून एका घरात खारट द्रव तयार होतो आणि शेजारच्या घरात जवळजवळ साधं पाणी. दोन्हींनी श्वासनलिका चिडते. दम्याच्या तपासणीत श्वासनलिका किती हुळहुळी आहे हे बघायला डिस्टिल्ड पाण्याचं धुकं मुद्दाम देण्याची पद्धत होती, ती याचसाठी, कारण साध्या पाण्याच्या धुक्यानं दमेकऱ्याची छाती आवळते. ज्या माणसाला आधीच धाप लागलीय त्याला आपण नेमकं तेच द्यायचं का?

पाणी उकळलं तरी प्रश्न सुटत नाही. ते गार होईपर्यंत उघड्या भांड्यात राहतं, त्यात चमचा जातो, हात लागतो, डब्यातलं मीठ पडतं. ते पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडीचं, प्यायला चालतं म्हणून ओढून छातीत घ्यायला चालत नाही. सलाईनच्या छोट्या सीलबंद नळ्या मिळतात त्याच घ्या, आणि लेबलवर ०.९ टक्के वाचूनच घ्या. शेजारीच ३ टक्क्यांच्या नळ्या असतात, त्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत. नाकात घालायचे सलाईनचे थेंब तर मुळीच नकोत, त्यातल्या काहींत टिकवण्यासाठी घातलेलं रसायन श्वासनलिकेला झोंबतं. नळी फोडून उरलेलं सलाईन टाकून द्यायचं, फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही. निलगिरीचं तेल नाहीतर छातीला चोळायचा बामही कपात नको. तेलाचे थेंब फुप्फुसात बसले की न्यूमोनियासारखं दुखणं उभं राहतं.

मेसेजमधलं ‘त्यात औषध घाला’ हे साधं वाक्य मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं. श्वासनलिका मोकळी करणारं सालब्युटामॉल दोन रूपांत मिळतं. एक रेस्प्यूल, म्हणजे प्लॅस्टिकची एकवेळची कुपी. तिच्या नेहमीच्या २.५ एमएलमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असतं, ते आधीच पातळ केलेलं असतं. दुसरी बाटली, तिच्या प्रत्येक एमएलमध्ये ५ मिलिग्रॅम. ती पातळ करूनच वापरायची असते.

गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतली एक ताई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात आली. मुलाचे हात थरथरत होते, छाती धडधडत होती, दोनदा उलटी झाली होती. मी विचारलं, काय दिलं? ती म्हणाली, “दादा, औषध तेच की. कुप्या संपल्या म्हणून ह्यांनी बाटली आणली, तेवढंच घातलं बघा.” तेवढंच म्हणजे २.५ एमएल. कुपी पूर्ण ओतायची सवय, म्हणून बाटलीतूनही तेवढंच मोजून ओतलं. २.५ गुणिले ५, साडेबारा मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलं होतं अडीच. पाचपट डोस गेला होता. मी तिथूनच त्यांना दवाखान्यात पाठवलं. या औषधाचा डोस जास्त झाला की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, नाडी पळते, त्यामुळं संध्याकाळपर्यंत त्याला नजरेखाली ठेवलं. पोरगं सुखरूप घरी आलं. ताईनं मोजायचं नीट मोजलं होतं, फक्त लेबलवरचा ‘प्रति एमएल’ हा शब्द तिला कुणी दाखवला नव्हता.

बाटलीतून अडीच मिलिग्रॅम द्यायचे तर अर्धा एमएल औषध आणि अडीच एमएल सलाईन, मिळून तीन. सुई काढलेल्या १ किंवा २ एमएलच्या सिरिंजनं मोजा, थेंब मोजून नको, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो. कुपी असेल तर सहसा त्यात काही मिसळावं लागत नाही. श्वासनलिकेची सूज उतरवणारं बुडेसोनाइड सालब्युटामॉलबरोबर एका कपात चालतं, पण ते डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलेलं असू दे. दोन औषधं आहेत म्हणून आपणहून एकत्र ओतू नका.

मास्कचं आता. वाफाऱ्याला टॉवेलखाली तोंड धरलं तरी भागतं, पण धुकं मास्कच्या फटीतून निघून खोलीत पसरतं. मास्क चेहऱ्यापासून एक-दोन सेंटिमीटर लांब गेला तरी पोचणारं औषध निम्म्याहून खाली येतं. मास्क नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत टेकलेला हवा आणि मापाचा हवा. मोठ्यांचा मास्क लहानग्याला लावला की धुकं वर डोळ्यांत जातं. कपात इप्राट्रोपियम हे औषध असेल तर ते डोळ्यांत गेल्यानं धूसर दिसतं, आणि काचबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा डोळा ठणकून लाल होऊ शकतो. अशा आजोबा-आजींनी, आणि ओठ घट्ट मिटून धरता येणाऱ्या मोठ्या मुलांनीही, तोंडात धरायची नळी वापरावी.

झोपलेल्या बाळाचा मुद्दा आईच्या मनातून येतो हे मला कळतं. पण आडवं झोपवलं की कप कलंडतो आणि बऱ्याच मशीनचं धुकंच थांबतं. मास्क नीट टेकवला की बाळ दचकून उठतं आणि रडतं. रडताना श्वास लांब बाहेर जातो आणि आत येतो तो हबकल्यासारखा, मग औषध घशातच आपटतं आणि गिळलं जातं. मांडीवर बसवून, आधी मशीन बंद ठेवून मास्क हातात खेळायला द्या. स्वतःच्या तोंडाला लावून दाखवा, मग चालू करा. तरीही रोजची झटापट होत असेल तर डॉक्टरांना मास्कवाल्या स्पेसरबद्दल, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्याबद्दल विचारा. हलक्या आणि मध्यम त्रासात पंप आणि स्पेसर नेब्युलायझरइतकाच काम करतो, आणि त्याला फार वेळही लागत नाही.

वेळ घड्याळ नाही ठरवत, कप ठरवतो. तीन एमएल पाच ते दहा मिनिटांत संपतं. मशीन फुरफुरायला लागलं की कपाला बोटानं दोन-चार टिचक्या द्या, कडेचे थेंब खाली येतात. मिनिटभरानं थांबा. तळाशी एमएलभर औषध राहतंच, ते उडवण्यासाठी पाणी ओतून पुढं चालू ठेवायचं नाही. दहाची वीस मिनिटं लागायला लागली तर बिघाड आहे असं समजा. छिद्र चोंदलंय, नळी कुठं सैल झालीय नाहीतर फिल्टर काळा पडलाय. छिद्रात टाचणी घालू नका, ते रुंद झालं की थेंब जाड पडतात.

आणि ‘जास्त वाफ’ म्हणत घरी बसून राहण्यात वेळ जातो तो वेगळाच. औषध संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत धाप उतरायला हवी. उतरली नाही, किंवा चार तासांच्या आत पुन्हा लागली, एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, ओठ निळसर दिसले, तर पुन्हा कप भरत बसू नका. १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा करा, दवाखाना गाठा.

निर्जंतुक होण्याबद्दल एकच सांगतो. कप गार असतो, त्यामुळं त्यात काहीही मरत नाही. एका आज्जींचा कप मी दुकानात उघडला, तळाला बुडेसोनाइडचा पांढरा थर होता आणि झाकणाच्या आट्यांत बुळबुळीत काळी रेघ. प्रत्येक वेळी कप, आतली टोपी, मास्क सुटे करायचे, उरलेलं झटकायचं, कोमट पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा थेंब घालून धुवायचे. शेवटचं विसळणं पाच मिनिटं उकळून गार केलेल्या पाण्यानं. उकळलेलं पाणी कामाला येतं ते इथं, कारण नंतर सगळं वाळवायचं असतं. दिवसातून एकदा, माहितीपत्रकात चालतं म्हटलं असेल तर, कप आणि टोपी पाच मिनिटं उकळा. पातळ प्लॅस्टिकचा मास्क उकळला की वेडावाकडा होतो आणि मग चेहऱ्याला बसत नाही.

हवेची नळी धुवायची नाही. तिच्यात बाष्प दिसलं तर कप काढून नुसती नळी लावून मशीन दोन मिनिटं चालवा, हवेनं ती कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात रुमालही दोन दिवस वाळत नाही, म्हणून सुटे भाग स्वच्छ कापडावर पंख्याखाली ठेवा आणि आट्यांत बोट फिरवून कोरडे लागले तरच डब्यात भरा. ओले भाग पिशवीत बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना वास येतो. वास आला तर तो कप पुन्हा धुवा आणि उकळा, तोवर वापरू नका. धुऊनही काळी रेघ जात नसेल तर नवीन किट घ्या.