फाशांना कशाला शिव्या घालताय?

रविवारी रात्री राजारामपुरीत मित्राच्या घरी चौघं कटान हा बोर्ड गेम खेळायला बसलो आणि अडीच तास एकाच माणसाचं रडगाणं ऐकून घरी आलो. "फासेच फिरलेत माझे लगा!" अरे, फासे कुठं फिरले? पहिल्या दोन वस्त्या मांडल्यास तेव्हाच तू डाव घालवलास!

वस्ती ज्या टाइलना टेकते त्यांचा आकडा फाशांवर पडला की त्या मालाचा पत्ता मिळतो. त्याची पहिली वस्ती चांगली होती. 8 चा गहू, 5 चं ओर म्हणजे खनिज, 10 ची मेंढी. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 8 पाच वेळा येतो, 5 चार वेळा, 10 तीन वेळा. आकड्याखालचे ठिपके तेच सांगतात, बेरीज बारा. इथवर ठीक.

मग दुसरी वस्ती. एका कोपऱ्यावर 6 चं ओर, 9 चा गहू, 4 ची मेंढी, म्हणजे परत बारा ठिपके. दुसऱ्यावर 4 चं लाकूड, 9 ची वीट, 11 ची मेंढी, ठिपके नऊ. गड्यानं लाल सहा बघितला आणि झडप घातली. मी म्हटलं, "अरे, लाकूड आणि वीट कुठनं आणणार?" तर म्हणे, "घेईन की तुमच्याकडनं."

फरक किती होता? चोवीस ठिपके की एकवीस. म्हणजे सरासरी बारा फेकांत एक फेक. तेवढ्यासाठी यानं लाकूड आणि वीट दोन्ही सोडली! त्या कोपऱ्यावर बसला असता तर दुसऱ्या वस्तीचे पत्ते सुरुवातीलाच मिळतात, त्यात लाकूड-वीट आली असती आणि पहिल्याच पाळीत रस्ता झाला असता.

ओर-गहू-मेंढीवर जिंकता येतं, मला माहितीय. पण मग शहरं बांधायची, डेव्हलपमेंट कार्डं घ्यायची आणि जमलं तर बंदर धरायचं. याला मात्र सगळ्यात लांब रस्ता पाहिजे होता! बंदर नाही, त्यामुळं बँकेत चारास एक. एका रस्त्याला आठ पत्ते. नवी वस्ती करायची तर निदान एक रस्ता आणि वस्तीची लाकूड-वीट, म्हणजे नुसत्या त्यासाठीच सोळा पत्ते.

आम्ही वीट का देऊ? आम्हालाच पुरत नव्हती, तिच्या टाइल तीनच असतात. मग हा दर पाळीला पाच-पाच मिनिटं हातापाया पडणार, चहा गार होणार, आणि पत्ते हातात साठत जाणार. नऊ साठले आणि 7 पडला. सातपेक्षा जास्त पत्ते असले की 7 ला निम्मे जातात, याचे चार गेले. 7 तर 36 मध्ये सहा वेळा येतो, सगळ्यात जास्त! त्यात कसलं आलंय नशीब?

आणि गंमत नाही, खरं सांगतो, त्याचा 8 त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त पडला. गव्हाचा ढीग होता समोर. डाव संपल्यावर त्याची दुसरी वस्ती उचलून मी त्या लाकडाच्या कोपऱ्यावर ठेवून दाखवली. त्यानं बघितलंसुद्धा नाही, फासे डबीत टाकले आणि म्हणाला, "पुढच्या वेळी दुसरे फासे आणा."