बजेट कुणाच्या मोबाइलवर बसवायचं?

«बजेटचा लेख वाचला. आमच्या साइटला ९४ गुण पडतात, तरी सर्च कन्सोल लालच. दोन्ही आकडे गूगलचेच. मग तुमचं ते किलोबाइटचं बजेट म्हणजे नुसती कागदी शिस्त नाही का?» – एक वाचक, ठाणे

कागदी म्हणालात ते थोडं लागलं, कारण पहिला फोटो दिसेपर्यंत पानाचं २०० केबीपेक्षा जास्त उतरू नये, हे बजेट त्या लेखात सांगितलं, पण तो आकडा मी कुठून आणला ते लिहिलंच नव्हतं. चूक माझी.

गूगलच्या पेजस्पीड चाचणीतले तुमचे ९४ बहुधा होमपेजचे आणि डेस्कटॉप टॅबमधले असावेत. सर्च कन्सोल खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांचे मागचे २८ दिवस बघतं. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत मुख्य फोटो २.५ सेकंदांत दिसला, तर हिरवं. चार सेकंदांच्या वर गेलं की लाल. आणि गिऱ्हाईक होमपेजवर येतच नाही, ते गूगलवरून थेट प्रॉडक्टच्या पानावर उतरतं.

महापे एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचं असंच झालं होतं. प्रॉडक्ट पान क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये मोबाइलच्या वेगाने चालवलं, तर मुख्य फोटोला ४.२ सेकंद लागत होते. त्यातले सर्व्हरचे ०.८, फोटो उतरायला १.६ आणि रंगवायला ०.३. उरलेले दीड सेकंद? तेवढा वेळ ब्राउझरला फोटो आहे हेच माहीत नव्हतं! स्लायडरची स्क्रिप्ट चालल्यावर तो पानात यायचा, वर `loading="lazy"` लावलेलं, म्हणजे उतरवायची घाई नको असं ब्राउझरला सांगितलेलं. म्हणून पहिला फोटो सरळ एचटीएमएलमध्ये घातला:

```html
<img src="valve.webp" width="800" height="600" fetchpriority="high">
```

३२० केबीचा फोटो ९० वर आणला. वाट बघणं ०.२ वर आलं, उतरणं अर्ध्या सेकंदावर, एकूण १.८. सर्च कन्सोल मात्र पुढचे काही आठवडे लालच होतं, कारण त्या २८ दिवसांत जुने दिवसही मोजले जातात. मालकांचे फोन मी या काळात घेतले आहेत, तुम्हीही घ्याल.

आता २०० केबी. पेजस्पीडचे गुण काढणारं लाइटहाउस मोबाइलसाठी १.६ मेगाबिटचं नेट धरतं, म्हणजे सेकंदाला साधारण २०० केबी. २.५ मधून सर्व्हरचे ०.८ आणि रंगवण्याचे ०.३ वजा केले की १.४ सेकंद उरतात, म्हणजे २८० केबी. कनेक्शन जुळायला वेळ जातो, म्हणून मी २०० वर थांबतो. पहिला फोटो दिसेपर्यंत जे जे उतरतं, म्हणजे सीएसएस, फॉन्ट, स्क्रिप्ट आणि तो फोटो, सगळं मिळून. खालचे चाळीस फोटो यात नाहीत, त्यांना खुशाल `lazy` लावा.

तुमचा सर्व्हरच दीड सेकंद घेत असेल तर हा आकडा तुम्हाला लागू नाही, आधी होस्टिंगवाल्याला गाठा. आणि बटण दाबल्यावर पान अडकत असेल तर ते केबीत दिसणारच नाही. तिथे २०० मिलिसेकंदांची हद्द आहे आणि ती खऱ्या वापरातच मोजावी लागते.

त्याच कंपनीत नंतर सेल्सवाल्यांनी ११० केबीचं चॅट मागितलं. बजेटमध्ये जागा नव्हती. शेवटी चॅटचं नुसतं चित्र ठेवलं, स्क्रिप्ट त्यावर बोट ठेवल्यावरच येते.