भाडं भरलं म्हणजे कितीही माणसं?

«भाडं वेळेवर दिलं की झालं. आत दोघं राहोत की पाच, पाहुणा चार रात्री थांबो की चार महिने, मालकाला विचारायचा हक्क नाही. नोटीस आली तर कचऱ्यात टाका, कोर्टात ती टिकत नाही.»

हा दावा तपासून पाहू. मी इंदूरपुरतंच बोलतो. इथे मध्य प्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम लागतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या भावाने सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

समजा, लोकमान्य नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. किरायानाम्यात दोन विद्यार्थ्यांची नावं आहेत. पाहुणा सलग सात रात्रींपर्यंत चालेल, पुढे लेखी परवानगी लागेल, अशी अट आहे. दोघांनी तिच्याखाली सही केली आहे. भाडं देणं ही त्या कागदातली एक अट आणि किती जण राहणार ही दुसरी. पहिली पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही. शिवाय नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं आणि टाकी भरते ती ठरलेल्या माणसांच्या हिशेबाने. भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश पोलीस वेळोवेळी काढतात. तिसऱ्याचं नाव तिथे नसेल तर आधी मालकालाच विचारलं जातं.

आता पीएससीची तयारी करणारा मित्र आला आणि महिना उलटला तरी गेला नाही. त्याची खाट आली, कुरिअर त्याच्या नावाने येऊ लागलं, भाड्यात तो तिसरा हिस्सा टाकतो. याला पाहुणा कोण म्हणेल? उलट एखाद्या भाडेकरूची आई सुनेच्या बाळंतपणाला येऊन दीड महिना राहिली, तर सात रात्रींचा हिशेब काढून भांडणारा मालक मला हलका वाटतो. अशा वेळी मालकानेच दोन ओळींची लेखी परवानगी द्यावी, म्हणजे अटही शाबूत राहते.

कोर्टाबद्दलच्या दाव्यात मात्र अर्धं सत्य आहे. १९६१ च्या अधिनियमाचं बारावं कलम घर खाली करवण्याची कारणं मोजून देतं आणि पोटभाडेकरू ठेवणं हे त्यातलं एक आहे. पण त्यासाठी भाडेकरूने घराचा किंवा त्यातल्या भागाचा ताबाच दुसऱ्याच्या हाती दिलेला असावा लागतो. मूळचे दोघं तिथेच राहतात, कुलूप-किल्ली त्यांच्याकडे आहे, तर नुसतं सोबत राहणाऱ्याला पोटभाडेकरू ठरवणं जड जातं. दोघं गावी निघून गेले आणि मागे तिसरा एकटाच राहून भाडं भरतोय, तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिल्याच नोटिशीत ‘पोटभाडेकरू ठेवला, घर खाली करा’ असं ठोकून देणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

पण म्हणून नोटीस रद्दी ठरत नाही. मालकाला पुढे दाद मागायची झाली, तर त्याला कधी कळलं, त्याने काय सांगितलं, सुधारायला किती वेळ दिला, हे सगळं त्याच कागदावरून दिसतं. त्यात किरायानाम्यातल्या अटीचा क्रमांक आणि दिसलेली गोष्ट साध्या शब्दांत असावी: ‘अमुक तारखेपासून तिसरी व्यक्ती कायम राहत आहे.’ चारित्र्य, जात, खाणंपिणं यावर एक अक्षरही नको. मग दोन वाटा: पंधरा दिवसांत तिसऱ्याने जावं, किंवा त्याचं ओळखपत्र आणि ठाण्याचा फॉर्म देऊन किरायानाम्यात नाव घालून घ्यावं, पाण्या-विजेचा वाढीव खर्च बोलून ठरवावा. आणि मालक विसरतात असं एक वाक्य: ‘या काळात भाडं स्वीकारलं म्हणजे जादा राहण्यास संमती दिली असं समजू नये.’ ठाऊक असून महिनोन्महिने मुकाट्याने भाडं घेतलं, तर मालकाला हे चालत होतं असं भाडेकरू सहज म्हणू शकतो. नोटीस स्पीड पोस्टने पाठवावी, पावती जपावी, फोटो वॉट्सअ‍ॅपवरही टाकावा.

नोटीस फाडणाऱ्याच्या हातात मात्र काहीच उरत नाही. ‘मित्र अमुक तारखेला गेला’ किंवा ‘परीक्षेपर्यंत दोन महिने परवानगी द्या’ असं एक लेखी उत्तर दिलं असतं, तर बहुतेक प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पंधरा दिवस उलटले म्हणून मालकाने पाणी तोडायचं, वीज बंद करायची किंवा कुलूप बदलायचं नाही. विनाकारण सोयी तोडणं याच कायद्यात मना आहे आणि त्याविरुद्ध भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न आड येत नाही.